कोणता पटाशीचा दात, कोणता सुळा, कोणती दाढ: जबड्याच्या मॉडेलचा फोटो कसा वाचायचा

जबड्याच्या मॉडेलच्या फोटोत दातांना नावे द्यायला सांगितली की बहुतेक जण पुढचे दात बरोबर सांगतात, अगदी मागच्या दाढाही बरोबर सांगतात आणि मधल्या दोन दातांशी अडखळतात. सुळ्यामागचे हे दोन दात म्हणजे उपदाढा. त्यांतली पुढची सुळ्यासारखी दिसते, मागची दाढेसारखी, आणि खालच्या जबड्यात तर हे साम्य इतके असते की नुसत्या नजरेवर विसंबलात तर फसलातच. म्हणून इथली पद्धत दुहेरी आहे. आधी मोजायचे, मग आकाराने ताडून पाहायचे, आणि दोन्हींचे उत्तर जुळले तरच नाव लिहायचे.

पायरी १: फोटोत काय दिसते आहे ते ठरवा

नावे लिहिण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: जबडा वरचा की खालचा, फोटो कोणत्या बाजूने काढला आहे, आणि डावे-उजवे कोणते.

वरचा जबडा ओळखायला सोपा. दातांच्या कमानीच्या आत टाळू असतो, म्हणजे मधली जागा भरलेली दिसते आणि तिच्या पुढच्या भागात आडव्या वळ्या असतात. खालच्या जबड्यात जिभेसाठी मधली जागा मोकळी असते आणि कमान घोड्याच्या नालासारखी दिसते. मात्र काही मॉडेलना खाली सपाट प्लॅस्टरचा पाया असतो. तो मधली जागा भरून टाकतो आणि घोटाळा होतो. अशा वेळी पुढचे दात पाहा. मधले दोन दात शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे रुंद असतील तर जबडा वरचा. चारही दात अरुंद आणि जवळजवळ सारखे असतील तर खालचा.

डाव्या-उजव्याचा नियम असा, की बाजू नेहमी मॉडेलची धरायची, म्हणजे ज्याचा जबडा त्याची. बघणाऱ्याची नाही. समोरून काढलेल्या फोटोत त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. वरचा जबडा खालून पाहताना पुढचे दात फोटोच्या वरच्या कडेला असतील, तर तिथेही उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पण खालचा जबडा वरून पाहताना पुढचे दात वरच्या कडेला असतील, तर उजवी बाजू आपल्याच उजव्या हाताला येते. हा फरक गोंधळाचा वाटला तर खालच्या जबड्याचा फोटो फिरवून पुढचे दात तळाशी आणा. मग दोन्ही जबड्यांना एकच नियम लागू होतो.

फोटो आरशातल्यासारखा उलटा झाला असेल तर हे सगळे फसते, आणि दातांकडे पाहून ते कळत नाही, कारण मॉडेलच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मॉडेलच्या पायावर कोरलेला आकडा किंवा अक्षरे असतील तर ती सरळ वाचता येतात का ते पाहा. नुसता दाताचा प्रकार विचारला असेल तर मात्र या बाबीने काही बिघडत नाही.

पायरी २: सुळे शोधा, मग मध्यरेषा

प्रौढ माणसाच्या जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात मधून मागे जाताना दात याच क्रमाने येतात: २ पटाशीचे, १ सुळा, २ उपदाढा, ३ दाढा. एकूण ८. अशा चार अर्ध्या कमानींचे मिळून ३२ दात होतात. उजवे-डावे, वर-खाली, कुठेही हा क्रम बदलत नाही.

मोजणी नेहमी पुढून मागे करायची. मागून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण दाढा मोठ्या आणि ठळक असतात. पण सर्वांत मागची अक्कलदाढ बऱ्याच मॉडेलमध्ये नसतेच. २८ दातांची मॉडेल सर्रास मिळतात. तिथे मागून ‘एक, दोन, तीन दाढा’ मोजलेत, तर तिसरी म्हणून जिच्यावर बोट ठेवाल ती प्रत्यक्षात उपदाढ असते, आणि तिथून पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात.

पुढून मोजायचे म्हटले की मध्यरेषा नेमकी सापडायला हवी. वरच्या जबड्यात दोन रुंद दातांमधली फट हीच मध्यरेषा. तिच्या बरोबर मागे टाळूवर एक छोटा फुगवटा असतो. चांगल्या मॉडेलमध्ये तो कोरलेला असतो आणि तिथून टाळूच्या मधोमध एक रेघ मागे जाते. खालच्या जबड्यात अशी ठळक खूण नसते. चार अरुंद दात एकसारखे उभे असतात आणि नवखा माणूस चुकीच्या फटीपासून मोजायला लागतो.

त्यावर उपाय म्हणजे मध्यरेषा शोधण्याआधी दोन्ही बाजूंचे सुळे शोधा. कमान जिथे पुढून बाजूला वळते, त्या कोपऱ्यावर सुळा असतो. दोन सुळ्यांच्या मध्ये किती दात आहेत ते मोजा. चार असतील तर दोन-दोन असे वाटून घ्या. मधली फट ती मध्यरेषा. तीनच असतील तर एक पटाशीचा दात गळालेला किंवा काढलेला आहे. पाच किंवा सहा भरले, तर सुळा समजून तुम्ही पुढची उपदाढ धरली आहे. खालच्या जबड्यात ही चूक नेहमीची आहे.

आता फोटोवर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १, २, ३ असे आकडे टाका. नावे अजून लिहू नका. आकडे दाताच्या शेजारी, हिरडीच्या बाजूला टाका. दाताच्या माथ्यावर टाकले तर पुढच्या पायरीत पाहायच्या खाचाच झाकल्या जातात.

पटाशीचे दात: आकडा १ आणि २

पटाशी म्हणजे सुताराचे सपाट धारेचे हत्यार. या दातांची कड तशीच सरळ आणि पातळ असते, म्हणून हे नाव. बाजूने पाहिले तर दात हिरडीकडे जाड आणि कडेकडे निमुळता होत गेलेला दिसतो, पाचरीसारखा. वरून पाहिले तर माथा असा नसतोच, फक्त एक रेघ दिसते. फोटोत ही रेघ दिसली की पटाशीच्या दाताबद्दल शंका उरत नाही.

यांचे काम घास तोडण्याचे. तोंड मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या थोडे पुढे येतात आणि त्यांना साधारण २ ते ३ मिलिमीटर झाकतात. त्यामुळे चावा घेताना दोन कडा समोरासमोर आपटत नाहीत, तर कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. या दातांनी अन्न दळता येत नाही, कारण दळायला माथ्यावर रुंद जागा लागते आणि इथे ती नाही.

वरचा मधला दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद असतो, त्याचा शेजारी साडेसहाच्या आसपास. खालचा मधला दात सुमारे ५ मिलिमीटरचा, म्हणजे तोंडातला सर्वांत अरुंद कायमचा दात. मॉडेल मोठे करून बनवलेले असेल तर हे आकडे लागू पडत नाहीत, पण एकमेकांशी असलेले प्रमाण टिकते. मुलांच्या जबड्याच्या मॉडेलमध्ये कधी पटाशीच्या दाताची कड करवतीसारखी, तीन बारीक उंचवट्यांची दिसते. तो बिघाड नव्हे. दात नुकताच उगवला की कड अशीच असते आणि वापराने ती घासून सरळ होते.

सुळा: आकडा ३

सुळ्याला एकच टोक असते. समोरून पाहिले तर कड दोन उतारांची, भाल्याच्या पात्यासारखी. वरून पाहिले तर गालाकडच्या बाजूला मधोमध एक उभा फुगवटा पुढे आलेला दिसतो, आणि त्यामुळे कमानीचा कोपरा किंचित बाहेर येतो. मुळे दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये तर काम फारच सोपे होते, कारण सुळ्याचे मूळ इतर सगळ्या दातांपेक्षा लांब असते. वरचा सुळा टोकापासून मुळापर्यंत सुमारे २७ मिलिमीटर भरतो.

त्याचे काम टोचणे, पकडणे आणि फाडणे. लांब मूळ आणि कोपऱ्यातली जागा यांमुळे ओढताना पडणारा बाजूचा ताण तो सहन करतो. याखेरीज त्याचे एक काम पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. खालचा जबडा एका बाजूला सरकवला की बऱ्याच माणसांत खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या आतल्या उतारावरून घसरतो आणि मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात. म्हणजे मागच्या दातांवर आडवा घर्षणाचा भार येऊ नये याची काळजी कोपऱ्यातला सुळा घेतो.

फोटोत चकवा कुठे बसतो? समोरून काढलेल्या फोटोत सुळा कोपऱ्यावर तिरका उभा असतो, त्यामुळे त्याचा अर्धाच भाग दिसतो आणि तो अरुंद भासतो. त्याच्या आडोशाला उपदाढेचे टोक डोकावत असते. ते टोकच ठळक दिसते आणि नाव तिथे पडते. म्हणून समोरच्या फोटोत सुळा टोकावरून न ठरवता मध्यरेषेपासून तिसरा म्हणून ठरवा.

उपदाढा: आकडा ४ आणि ५

एकच कसोटी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दाताच्या गालाकडच्या बाजूला उंचवटे किती? उपदाढेला तिथे एकच असतो. दाढेला दोन किंवा तीन. जिभेकडे किंवा टाळूकडे काहीही असो, गालाकडे एकच टोक असेल तर ती दाढ नव्हे. ही कसोटी बाजूने काढलेल्या फोटोतही चालते, जिथे माथा दिसतच नाही: कडेवर एकच शिखर म्हणजे उपदाढ, शेजारी-शेजारी दोन-तीन शिखरे म्हणजे दाढ.

वरच्या उपदाढा गुणी असतात. दोन्हींना दोनच उंचवटे, एक गालाकडे आणि एक टाळूकडे, मध्ये पुढून मागे जाणारी खाच. वरून पाहिले तर दात लांबट अंडाकृती दिसतो, पण त्याची लांबी गालाकडून टाळूकडे असते, कमानीच्या दिशेने नाही.

खालच्या उपदाढा मात्र परीक्षा घेतात. चौथ्या जागेवरच्या उपदाढेचा गालाकडचा उंचवटा उंच आणि टोकदार असतो, जिभेकडचा अगदी बारीक, कामाला फारसा न येणारा. बाजूने पाहिले तर दुसरा सुळाच वाटावा. फरक वरून कळतो. सुळ्याच्या टोकापासून जिभेकडे एक सलग उतार जातो, त्यात खाच नसते. उपदाढेत टोकापासून जिभेकडच्या छोट्या उंचवट्यापर्यंत एक कणा जातो आणि त्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक लहान खड्डा असतो. दोन खड्डे दिसले की सुळ्याचे नाव पुसा.

पाचव्या जागेची खालची उपदाढ उलट्या बाजूने फसवते. तिला बऱ्याचदा तीन उंचवटे असतात, गालाकडे एक मोठा आणि जिभेकडे दोन लहान. माथा चौकोनी होतो, खाचा इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात आणि ही छोटी दाढच आहे असे वाटते. इथे गालाकडची कसोटी लावा. एकच उंचवटा, म्हणून उपदाढ.

शिवाय रुंदीचीही एक खूण आहे. कमानीच्या दिशेने मोजले तर उपदाढ साधारण ७ मिलिमीटरची असते आणि तिच्या मागची पहिली दाढ वरच्या जबड्यात १०, खालच्यात ११ मिलिमीटरची. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या दातामध्ये रुंदी एकदम दीडपट होते. कागदाच्या कडेवर पाचव्या दाताची रुंदी पेन्सिलने खूण करून घ्या आणि तीच कड सहाव्यावर ठेवून पाहा. पण ही तुलना शेजारच्या दातांतच करा. फोटो पुढून तिरका काढला असेल तर मागचे दात कॅमेऱ्यापासून दूर असल्यामुळे लहान दिसतात, आणि पटाशीच्या दाताची दाढेशी तुलना केली तर उत्तर भलतेच येते.

उपदाढांचे काम नावाप्रमाणे मधले आहे: सुळ्याने ओढून आणलेला घास धरून ठेवणे आणि त्याचे तुकडे करणे, ठेचणे. पुढच्या उपदाढेचा कल सुळ्याच्या कामाकडे असतो, मागचीचा दाढेच्या कामाकडे, आणि दिसण्यातले साम्य तिथूनच आले आहे. उत्तरात नुसते ‘चावणे’ लिहिले तर ते दाढेपासून वेगळे होत नाही; ‘घास धरून भरड तुकडे करणे’ असे लिहा.

दाढा: आकडा ६, ७ आणि ८

दाढेचा माथा रुंद असतो, त्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचांचे जाळे. वरच्या दाढांचा माथा तिरक्या चौकोनासारखा, बहुधा चार उंचवट्यांचा. खालच्या दाढा कमानीच्या दिशेने लांबट, आयताकृती. खालच्या पहिल्या दाढेला सहसा पाच उंचवटे असतात, त्यांतले तीन गालाकडे. दुसरीला चार, आणि तिच्यावरच्या खाचा अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदतात. मुळे दिसत असतील तर वरच्या दाढेला तीन, खालच्या दाढेला दोन.

अक्कलदाढेच्या आकाराचा भरवसा नाही. ती लहान, वेडीवाकडी, कितीही उंचवट्यांची असू शकते. तिला जागेवरून ओळखा: मध्यरेषेपासून आठवी.

दाढांचे काम दळण्याचे. वरच्या दाढांचे टाळूकडचे उंचवटे खालच्या दाढांच्या मधल्या खोलगट भागात बसतात आणि खालच्यांचे गालाकडचे उंचवटे वरच्यांच्या खोलगट भागात. जबडा थोडा बाजूला सरकत मिटतो, तेव्हा मधला घास चिरडला जातो आणि खाचांतून बाहेर पडतो. जात्याची उपमा नेहमी दिली जाते आणि ती ठीकच आहे, फक्त जात्यात वरचा दगड फिरतो आणि खालचा स्थिर असतो. तोंडात वरचा जबडा स्थिर असतो आणि खालचा हलतो.

दाढा मागे का, याचे कारण जबड्याच्या सांध्यात आहे. हा सांधा कानाच्या पुढे असतो. कात्रीने जाड पुठ्ठा कापताना आपण तो टोकाशी न धरता खिळ्याजवळ सरकवतो, कारण तिथे जोर जास्त मिळतो. दाढा सांध्याच्या आणि चावण्याच्या स्नायूंच्या जवळ असल्यामुळे त्यांच्यावरचा दाब पटाशीच्या दातांपेक्षा बराच अधिक असतो. रुंद माथा आणि एकाहून अधिक मुळे हा दाब पेलण्यासाठीच.

एक फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा फोटोत एकच जबडा आहे, वरून काढलेला, पुढचे दात फोटोच्या तळाशी. मधली जागा मोकळी आहे आणि पुढचे चार दात अरुंद, सारखे. म्हणजे खालचा जबडा, आणि त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. एकूण दात १४.

चौदा म्हटल्यावर प्रत्येक बाजूला सात. अक्कलदाढा नाहीत असे धरले तर वाटणी २, १, २, २ अशी यायला हवी. हा अंदाज आहे, आता तो तपासायचा.

कोपऱ्यावरचे टोकदार दात शोधताना डाव्या हाताला लागोपाठ दोन दात टोकदार दिसतात. सुळा कोणता? मागचा धरला तर दोन्ही बाजूंच्या टोकदार दातांमध्ये सहा दात येतात. पुढचा धरला तर चार. चारच बरोबर. तरी खात्रीसाठी फोटो मोठा करून मागच्या टोकदार दाताकडे पाहिले, तर टोकापासून जिभेकडे कणा आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन गडद ठिपके. ते खड्डे आहेत, सावली नव्हे, कारण उजव्या हाताच्या जोडीदारातही ते तसेच दिसतात. प्रकाश एका बाजूने पडला असता तर दोन्ही बाजूंना सावली सारखी पडली नसती. ही चौथी, म्हणजे पहिली उपदाढ.

पाचवा दात चौकोनी आहे, माथ्यावर तीन उंचवटे. त्याला दाढ म्हणावे तर त्या बाजूला उपदाढ एकच आणि दाढा तीन होतात: २, १, १, ३. बेरीज तीही सातच येते, हे लक्षात घ्या. नुसती बेरीज जुळली म्हणून नावे बरोबर ठरत नाहीत. गालाकडे पाहिले तर उंचवटा एकच. कागदाची कड लावली तर स्क्रीनवर पाचव्याची रुंदी २१ मिलिमीटर आणि सहाव्याची ३३. रुंदीची उडी पाच आणि सहाच्या मध्ये आहे, चार आणि पाचच्या मध्ये नाही. म्हणून पाचवा दात दुसरी उपदाढ.

सहाव्याच्या गालाकडे तीन उंचवटे, एकूण पाच: पहिली दाढ. सातव्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच, चार उंचवटे: दुसरी दाढ. तिच्या मागे हिरडीचा चढ सुरू होतो आणि दात संपतात. आता आकड्यांच्या जागी नावे लिहा: १ व २ पटाशीचे दात, ३ सुळा, ४ व ५ उपदाढा, ६ व ७ दाढा. दुसऱ्या बाजूला हीच नावे आरशासारखी उतरतात, पण डोळे मिटून उतरवू नका. त्या बाजूचा एखादा दात मॉडेलमध्ये मुद्दाम वेगळा केलेला असू शकतो.

फोटो दोन्ही जबडे मिटलेल्या मॉडेलचा आणि बाजूने काढलेला असता, तर आणखी एक पडताळा मिळाला असता. नीट बसणाऱ्या जबड्यांत वरच्या सुळ्याचे टोक खालच्या सुळ्यावर येत नाही. ते खालचा सुळा आणि पहिली उपदाढ यांच्या मधल्या फटीत येते. तसेच वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसतो. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण याच खुणेवर उभे केले. मॉडेल वाकड्या ठेवणीचे असेल तर मात्र ही खूण मुद्दाम चुकवलेली असते, म्हणून तिच्यावरून नाव ठरवू नका. ठरवलेले नाव तपासायलाच ती वापरा.

मोजणी जुळत नसेल तर

एका जबड्यात १० दात भरले तर मॉडेल दुधाच्या दातांचे आहे. तिथे वाटणी २, १, २ अशी असते, आणि शेवटचे दोन दात उपदाढा नव्हेत, दुधाच्या दाढा आहेत. दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच. पुढे साधारण १० ते १२ वर्षांच्या वयात दुधाच्या दाढा पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. वरच्या जबड्यातली पुढची दुधाची दाढ दिसायला उपदाढेसारखी असते, त्यामुळे इथे आकार फसवतो आणि एकूण संख्याच खरे सांगते.

१२ दात असतील तर दोन शक्यता. एक म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाचा जबडा: दहा जागा दुधाच्या दातांच्या आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना नुकतीच उगवलेली पहिली कायमची दाढ. ही दाढ कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, सगळ्यांच्या मागे येते. अशा फोटोत सुळ्यामागचे तिन्ही दात रुंद माथ्याचे दिसतात. दुसरी शक्यता म्हणजे प्रौढाचा जबडा, ज्यात दात सरळ करताना प्रत्येक बाजूची एकेक उपदाढ काढली आहे. तिथे सुळ्यामागे एकच अरुंद दात आणि मग लगेच रुंदीची उडी. त्या एकट्या दाताला ‘उपदाढ’ एवढेच लिहा. पहिली की दुसरी हे वरच्या जबड्याच्या फोटोवरून सांगणे अवघड, कारण दोन्हींचा माथा बराच सारखा असतो; खालच्या जबड्यात जिभेकडचा उंचवटा बारीक असेल तर पहिली, तीन उंचवटे असतील तर दुसरी.

आणि एका बाजूला तीन अरुंद पटाशीचे दात, मागे मोठा वाकडा सुळा, त्यामागे धारदार कडेचे अनेक दात असे काही दिसले, तर मोजत बसू नका. ते माणसाच्या जबड्याचे मॉडेल नाही. कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात आणि त्याला २-१-२-३ हा क्रम लागूच होत नाही.